दुकानात कामाला आहात? सुट्टी, तास आणि शटरच्या वेळेच्या या चुका टाळा

मी जळगावात आणि धुळ्यात दुकानांची हजेरी-पगाराची रजिस्टरं लिहितो. कापड, भांडी, मोबाईल, किराणा, सगळ्या प्रकारची दुकानं बघितली. शेठ लोकांची बाजू मला माहितीये आणि काउंटरवर उभं राहणाऱ्या पोरांचीही. तरी दरवर्षी आखाजी आणि लगीनसराई आली की त्याच चुका, तेच भांडण, आणि पोरगं माझ्याकडे येतं तेव्हा हातात पुरावा शून्य. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक: तुटलेल्या सुट्टीला सुट्टी समजणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे, लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. जुन्या १९४८ च्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावं लागायचं, त्यामुळे सुट्टीचा प्रश्नच नव्हता, कुलूप लागलं की सगळे घरी. नव्या कायद्यात दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, पण एका अटीवर, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. यातला "सलग" हा शब्दच लोक वाचत नाहीत. दोन दिवस दुपारनंतर सोडलं की झाली एक सुट्टी, असं सर्रास चालतं, आणि ते चूक आहे. अर्धा अधिक अर्धा म्हणजे सलग २४ तास होत नाहीत.

एक किस्सा सांगतो, दुकानाचं नाव सांगणार नाही. बाविसेक कामगारांचं कापडाचं दुकान, २०२५ ला या कायद्यात दुरुस्ती व्हायच्या आधीची गोष्ट. तिथला एक सेल्समन, पगार १५,६०० रुपये, सुट्टी बुधवारची. लगीनसराईत मंगळवारी रात्री दहाला दुकानातून निघाला. बुधवारी संध्याकाळी पाचला शेठचा फोन, "सुरतहून पार्सल आलंय रे भाऊ, तासभर ये, गाठी सोडून रॅकला लाव." पोरगा गेला, तासाचे तीन तास झाले, आठला घरी. आता मोजा. मंगळवार रात्री दहापासून बुधवार संध्याकाळी पाचपर्यंत १९ तास झाले. सुट्टी तिथेच मोडली. त्या हंगामात असे तीन बुधवार गेले आणि रजिस्टरात तिन्ही बुधवारी "साप्ताहिक सुट्टी" लिहिलेलं, खाली याचीच सही.

सुट्टी नाकारली गेली तर तिच्या बदल्यात दुसरी सुट्टी द्यावी लागते, आणि तीही त्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत. "दिवाळीनंतर बघू" हे उत्तर एप्रिलच्या सुट्टीला चालत नाही. हा पोरगा माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या बुधवारचे दोन महिने भरायला थोडेच दिवस उरले होते. शेठचा फोन किती वाजता आला ते मोबाईलच्या कॉल लॉगमध्ये होतं आणि पार्सलच्या बिल्टीवर तारीख होती, म्हणून शेठने मान्य केलं आणि तीन बदली सुट्ट्या लागोपाठच्या आठवड्यांत दिल्या. नुसती तोंडी गोष्ट असती तर काहीच हाती लागलं नसतं.

माझं सांगणं असं, की सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं तर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, रोजीरोटीचा प्रश्न असतो मला समजतं, पण दुकानातून परत निघताना शेठच्या व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका, "शेठ, आज सुट्टी होती, पाच ते आठ आलो होतो, बदली सुट्टी येत्या सोमवारी घेऊ का?" भांडण नाही काही नाही, आणि तारीख-वेळ आपोआप नोंद होते. नवीन पोरं मला म्हणतात, एवढं कोण करत बसेल. हीच पोरं नंतर सहा महिन्यांचं सगळं आठवून सांगायला येतात, आणि आठवणीवर कोणी पैसे देत नाही.

आणि सणाची सुट्टी वेगळी, साप्ताहिक सुट्टी वेगळी. पोळ्याला दुकान बंद होतं म्हणून बुधवार गेला, असं होत नाही.

दुसरी चूक: फक्त दिवसाचे तास मोजणं

२०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती १० झाली. पण आठवड्याचे ४८ तास तेव्हाही होते आणि आजही आहेत. बहुतेक जण दिवसाचा आकडा धरून बसतात आणि आठवड्याचा विसरतात. रोज ९ तास सहा दिवस म्हणजे ५४, म्हणजे दिवसाची मर्यादा एकदाही न मोडता ६ तास ओव्हरटाइम. रोज १० तास सहा दिवस म्हणजे ६०, तिथे १२ तास ओव्हरटाइम. "आता सरकारनेच दहा तास केलेत" असं शेठ म्हणतात तेव्हा ते अर्धंच सांगतात, कारण ४८ च्या वरच्या तासाला दुप्पट दर आहेच.

त्याच पोराचा हिशोब बघा. सकाळी दहाला हजर, रात्री दहाला मोकळा, मधे एक तास जेवण. काम ११ तास, सहा दिवसांचे ६६, म्हणजे ४८ च्या वर १८ तास. पगार १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००, भागिले ८ म्हणजे तासाचे ७५, दुप्पट केले की १५०. अठरा तासांचे झाले २,७०० रुपये, एका आठवड्याचे. त्याला काय मिळालं होतं? आखाजीला पाचशे रुपये आणि एक शर्टपीस. बक्षीस द्यावं, चांगली गोष्ट आहे, पण बक्षिसाने ओव्हरटाइम फिटत नाही.

आणि ओव्हरटाइमलाही वरची हद्द आहे, ही गोष्ट तर मालकांच्याही गावी नसते. तीन महिन्यांत १२५ तास होती, दुरुस्तीने १४४ झाली. तिमाहीत तेरा आठवडे धरले तर रोज १० तास, सहा दिवस, असं वर्षभर चालवणाऱ्या दुकानात १२ गुणिले १३ म्हणजे १५६ तास होतात. पैसे पूर्ण दिले तरी हद्द ओलांडली. त्या पोराचं तर १८ च्या हिशोबाने सातव्या आठवड्यातच १२५ च्या वर गेलं होतं. म्हणजे दहा तास हंगामापुरते ठीक, बारमाही वेळापत्रक म्हणून ते बसतच नाही. मी शेठ लोकांना सरळ सांगतो, लगीनसराईत दोन पोरं जास्तीची लावा, तेच परवडतं.

जेवणाची सुट्टी तासांत धरत नाहीत हे बरोबर, पण गिऱ्हाईक आलं म्हणून डबा अर्धा टाकून उठलात तर ती सुट्टी झालीच नाही. तो वेळ कामात धरा.

तिसरी चूक: शटर पडलं म्हणजे ड्युटी संपली

गिऱ्हाइकासाठी दुकान नऊला बंद होतं, खरं. पण त्यानंतर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या, गल्ला जुळवणं, झाडलोट, उद्याचा माल लावणं, यात पाऊण-एक तास जातो आणि तो तास कोणी लिहीत नाही. शेठने सांगितलेलं काम आहे ना, मग ते काम आहे, शटर वर असो की अर्धं खाली. वरच्या हिशोबात मी दहा वाजेपर्यंत धरलं ते यासाठीच. रजिस्टरात त्या दुकानाची वेळ "१० ते ७" छापलेली होती, सगळ्यांची एकच, महिनाभर एकाच पेनाने. असं रजिस्टर दिसलं की मला वाचायचीही गरज पडत नाही.

याच्या उलटी चूक अशी, की दुकानाची वेळ आणि कामगाराची वेळ एकच समजणं. १ ऑक्टोबर २०२५ ला शासनाने स्पष्ट केलं की दुकानं २४ तास उघडी ठेवता येतात, ज्यांच्या वेळा शासनाने ठरवल्यात ती परमिट रूम, बिअर बार, दारूची दुकानं, हुक्का पार्लर वगैरे सोडून. लगेच काही जण म्हणायला लागले, आता वेळेचं बंधन गेलं. बंधन दुकानाचं गेलं, तुमचं नाही. रात्री बारापर्यंत दुकान चालवायचं असेल तर दुसरी शिफ्ट लावावी लागेल, सकाळी दहाला आलेला पोरगाच बारापर्यंत उभा करता येत नाही.

काउंटरवरच्या ताई-बाईंसाठी वेगळा नियम आहे आणि तो पाळताना मी फार कमी ठिकाणी बघतो. सकाळी ७ ते रात्री साडेनऊ ही त्यांची वेळ. साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षा आणि घरी पोहोचवायची सोय मालकाने करायची. "रिक्षाला पन्नास रुपये घे" ही सोय नाही. एरंडोल, पाळधीकडून जळगावात कामाला येणाऱ्या बायकांची शेवटची बस चुकते ती या घड्या घालण्याच्या तासातच, आणि मला याचा मनापासून राग येतो.

बाकीच्या, थोडक्यात

नावापुढे "मॅनेजर" लावलं म्हणून ओव्हरटाइम जात नाही, दिवसभर साड्याच दाखवत असाल तर तुम्ही कामगारच.

कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका. कधीच नाही.

सुट्टी विकून जास्त पैसे घेतो म्हणणारे पोरं मला अजिबात पटत नाहीत, दोन महिन्यांत बदली सुट्टी घ्याच.

दुकानात माणसं किती आहेत ते आधी मोजा. हा कायदा पूर्ण लागू व्हायला पूर्वी १० कामगार लागायचे, २०२५ च्या दुरुस्तीने २० लागतात. चार पोरांच्या दुकानातला पोरगा या कायद्याची कलमं दाखवून भांडला की शेठचा वकील एका वाक्यात त्याला गप्प करतो. लहान दुकानवाल्यांनी वेतन संहितेकडून जावं, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, ओव्हरटाइमला दुप्पट दर तिच्यातही आहे आणि ती माणसं मोजत बसत नाही.

अडकलात तर

आधी एक वही. तारीख, आलो किती वाजता, जेवण किती ते किती, निघालो किती वाजता, बस. रोज रात्री घरी पोहोचल्यावर लिहायचं, महिन्याच्या शेवटी एकदम नाही, एकदम लिहिलेलं ओळखू येतं. त्या पोराने वही पाच आठवडेच लिहिली होती, म्हणून शेठने त्याच पाच आठवड्यांचे १३,५०० दिले, आधीच्या आठवड्यांबद्दल बोलायला काही आधारच नव्हता.

मग शेठशी बोला, हिशोबाचा कागद समोर ठेवून. माझ्यासमोरचे निम्मे वाद इथेच मिटतात, कारण पुष्कळ मालकांना ४८ चा आकडा खरंच माहीत नसतो. नाहीच ऐकलं तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात अन्याय, पिळवणूक असे मोठे शब्द भरू नका. दुकानाचं नाव-पत्ता, कामगारांची संख्या, तुमचा पगार, कोणत्या तारखेची सुट्टी मोडली, कोणत्या आठवड्यात किती तास झाले, एवढंच लिहा, वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.