शेठला पॉवर फॅक्टर लिहून कसा सांगावा

जळगाव, चोपडा, शहादा, दोंडाईचा या पट्ट्यात जिनिंग, डाळ मिल किंवा केळीच्या रायपनिंग चेंबरवर डिप्लोमा किंवा बीई करून नवा माणूस रुजू होतो. मशीनचं काम त्याला येतं. अडतं ते वरच्याला लिहून कळवताना. मॅनेजर बहुतेक वेळा कॉमर्सचा असतो, नाहीतर घरच्या धंद्यातच वाढलेला. कपाशीच्या गाड्या दारात उभ्या असताना तो तुमची नोट मोबाईलवर वाचणार असतो. त्याला समजत नाही असं नाही. भाव, घट, व्याज, रुईचा उतारा हे हिशेब तो तोंडी करतो. तुमची नोट मात्र त्याच्या हिशेबात बसत नाही.

इथे एकच प्रकरण शेवटपर्यंत घेऊ, म्हणजे हवेतल्या सूचना होणार नाहीत. एका जिनिंग मिलला उच्चदाब जोडणी आहे. पॉवर फॅक्टर घसरलाय आणि कपॅसिटर बदलायला पैसे हवेत. सप्टेंबर सुरू आहे, हंगाम तोंडावर आहे. नवा इंजिनिअर साधारण असं लिहितो:

‘मीटरच्या मागील हंगामातील तीन महिन्यांच्या डेटाचे विश्लेषण केले असता अ‍ॅव्हरेज पीएफ 0.82 लॅगिंग आढळून आला असून एपीएफसी पॅनेलमधील चारही कपॅसिटर बँका फेल झाल्याने रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचे कॉम्पेन्सेशन होत नाही व त्यामुळे केव्हीएएच कन्झम्प्शन वाढत असल्याने सदर बँका रिप्लेस करून डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर बसविण्याबाबत मंजुरी मिळावी ही विनंती.’

यात तांत्रिक चूक एकही नाही. पण वाक्य 45 शब्दांचं आहे आणि ‘मंजुरी’ हा शब्द 42वा येतो. शेठकडून काय हवंय हे कळायला त्याला आधीचे 41 शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्याचा भार इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. शिवाय प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘पॅनेलमधील’ हा एक शब्द इंग्रजीत तीन शब्दांचा ऐवज झाला असता. म्हणून इंग्रजी पुस्तकातली वीस शब्दांची मर्यादा इथे जशीच्या तशी लावू नका. कामाच्या नोटमध्ये बहुतेक वाक्यं 10 ते 15 शब्दांत ठेवा आणि 20 च्या पुढे गेलेलं वाक्य पुन्हा वाचा. वर्डमध्ये वाक्य सिलेक्ट केलं की खालच्या पट्टीत आकडा दिसतो.

कुठे तोडायचं ते सांधे शोधले की कळतं. वरच्या वाक्यात सहा सांधे आहेत: असता, असून, झाल्याने, व त्यामुळे, असल्याने, करून. हे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा. एका वाक्यात एकच सांधा राहू द्या, बाकीच्या ठिकाणी पूर्णविराम. नकाराकडे वेगळं लक्ष द्या, कारण मराठीत ‘नये’ आणि ‘नाही’ अगदी टोकाला येतात. घाईत वाचणारा टोकापर्यंत पोचलाच नाही तर तो उलटंच समजून बसतो. नकाराचं वाक्य सगळ्यात छोटं ठेवा आणि कारण पुढच्या वाक्यात द्या.

हे कळलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘पीएफ कमी आहे. कपॅसिटर खराब आहेत. बिल जास्त येते. मंजुरी द्यावी.’ ही तार झाली. कशामुळे काय झालं हे यात उरलंच नाही. बिल वाढलंय ते दर वाढल्यामुळे की कपॅसिटरमुळे, हे शेठ विचारणारच. कारण आणि परिणाम यांची जोडी, तसंच ‘तर’ने जोडलेली अट, एकाच वाक्यात राहिली पाहिजे. तोडायचं असतं ते दोन वेगवेगळ्या गोष्टींच्या मधलं.

आता शब्दांकडे वळू. ‘सोप्या भाषेत लिहा’ हा सल्ला सगळेच देतात, पण कोणता शब्द काढायचा आणि कोणता ठेवायचा हे कोणी सांगत नाही. कसोटी अशी लावा: हा शब्द शेठला पुढे एखाद्या कागदावर भेटणार आहे का? बिलावर, कोटेशनवर, परचेस ऑर्डरवर? भेटणार असेल तर तो ठेवा आणि एकदाच, एका वाक्यात समजावा. ‘पॉवर फॅक्टर’ वीजबिलावर छापलेला असतो, म्हणून तो राहील. त्याच्या जागी ‘शक्तिगुणांक’ लिहून काही साधत नाही, तो शब्द मिलमध्ये कोणीच बोलत नाही. ‘रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर’, ‘लॅगिंग’, ‘कॉम्पेन्सेशन’ हे शब्द शेठला कुठल्याच निर्णयाला लागत नाहीत. ते जोडपत्रात जातील.

समजावताना बहुतेक जण कॉलेजातली व्याख्या देतात, कोसाइन आणि फेज अँगलची. काही जण ग्लासातल्या फेसाचं उदाहरण देतात. ते ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून रुपये निघत नाहीत. व्याख्या वाचणाऱ्याच्या बिलातूनच काढा. 1 एप्रिल 2020 पासून महावितरण उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर काढतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिलात मोजली जाणारी युनिटं वाढतात. या मिलने महिन्याला 60 हजार युनिट वापरली आणि बिलात साधारण 73,200 मोजली गेली. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की 0.82 येतात. हाच पॉवर फॅक्टर. व्याख्या संपली, आणि शेठ ती स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर तपासू शकतो.

तो तपासतोच, म्हणून गोल केलेले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. पॉवर फॅक्टर 0.98 झाला तर तेवढ्याच वापराला बिल सुमारे 61,200 युनिटांचं येईल. फरक 12 हजार युनिट. हिशेबाला 8 रुपये दर धरला तर 96 हजार रुपये. काटेकोर फरक 11,946 युनिटांचा आहे आणि त्याचे 95,568 रुपये होतात. नोटमध्ये 12 हजार युनिट आणि 95 हजार रुपये असं मिसळून लिहिलं की पहिल्याच गुणाकारात मेळ बसत नाही. मग बाकीच्या कागदावरही त्याचा भरवसा राहत नाही. काटेकोर आकडे जोडपत्रात, गोल आकडे नोटमध्ये, दोन्हींची सरमिसळ नको.

‘डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर’चं काय करायचं? शब्द अवघड आहे, म्हणून काढून टाकावासा वाटतो. पण कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ आहे आणि रक्कमही मोठी आहे. नोटमध्ये त्याचं नाव नसेल तर घासाघीस करताना शेठ पहिली तीच ओळ खोडेल. मिलमधल्या व्हीएफडी ड्राइव्हमुळे लाइनमध्ये हार्मोनिक येतात. रिअ‍ॅक्टर नसेल तर ते कपॅसिटरमध्ये शिरून त्याला तापवतात, डबा फुगतो, फ्यूज उडतात. एवढं सगळं नोटमध्ये नको, एक वाक्य पुरे.

सगळं जुळवून नोट अशी होते. रक्कम आणि तारखा या उदाहरणापुरत्या धरल्यात:

‘विषय: कपॅसिटर बदलण्यासाठी 2 लाख 40 हजार रुपयांची मंजुरी, 25 सप्टेंबरपर्यंत हवी.

गेल्या हंगामात मिलने महिन्याला सरासरी 60 हजार युनिट वापरली, पण बिल 73,200 युनिटांचे आले. वापर आणि बिल यांचे हे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर, आपला 0.82 आहे. पॅनेलमधले चारही कपॅसिटर बंद पडल्यामुळे तो घसरला. ते बदलले तर तो 0.98 च्या आसपास जाईल आणि तेवढ्याच वापराला बिल सुमारे 61,200 युनिटांचे येईल. 8 रुपये दराने हंगामात महिन्याला सुमारे 96 हजार रुपये वाचतील. मोटरी वीज तेवढीच घेतील, फक्त बिलातली जादा मोजणी थांबेल.

कोटेशनमधला डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर काढू नये. तो नसेल तर ड्राइव्हमुळे नवे कपॅसिटरही लवकर जळतील.

माल यायला तीन आठवडे लागतात. 25 तारखेपर्यंत ऑर्डर गेली तर हंगामाआधी काम होईल. मोजमाप जोडपत्रात आहे.’

‘मोटरी वीज तेवढीच घेतील’ या वाक्यावर काट मारायचा मोह होतो, कारण त्याने प्रस्ताव थोडा फिका वाटतो. तरी ते राहू द्या. नोटमध्ये नुसतं ‘वीजबचत’ असेल तर शेठ सबमीटर बघेल. तिथे आकडा तोच दिसेल आणि तुम्ही फसवलं असं त्याला वाटेल. ‘हंगामात’ हा शब्दही तसाच महत्त्वाचा आहे. मिल बंद असताना ही बचत नसते, म्हणून 96 हजारांना बाराने गुणून वर्षाचा आकडा सांगू नका.

ही नोट व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार असेल तर विषयाची ओळ मेसेजमध्येच टाका. नुसती पीडीएफ पाठवली तर ती उघडली जाईलच असं नाही.

जोडपत्र दुसऱ्या इंजिनिअरसाठी असतं. शेठ ते आपल्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला दाखवणार हे धरूनच लिहा, आणि तिथे भाषा सोपी करू नका. क्लॅम्प मीटरची रीडिंग द्या: 440 व्होल्टच्या 25 केव्हीएआर कपॅसिटरने प्रत्येक फेजला साधारण 33 अँपिअर घ्यायला हवा, चारही जवळजवळ शून्य दाखवतायत. 200 किलोवॅट लोडवर 0.82 वरून 0.98 ला जायला सुमारे 99 केव्हीएआर लागतात, म्हणून 25 चे चार. कॉन्ट्रॅक्टरला एवढं मिळालं की तो शेठला ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळा होतो.

पाठवण्याआधी नोट अकाउंट्सच्या मुनीमजींना वाचायला द्या. ‘समजलं का?’ विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. कागद परत घ्या आणि विचारा: शेठकडे काय मागितलंय, किती, कधीपर्यंत? जिथे ते अडखळतील ते वाक्य दुरुस्त करा.

आणि पाठवल्यावर उत्तर नीट वाचा, कारण नोट कुठे लंगडी पडली हे त्यातच कळतं. ‘म्हणजे किती वाचणार?’ असं आलं तर रुपये फार खाली दडलेत. ‘दिवाळीनंतर बघू’ आलं तर तारखेचं कारण पोचलेलं नाही. ‘यात स्वस्तातलं नाही का?’ हा रिअ‍ॅक्टरच्या वाक्याचा दोष. नुसतं ‘भेटून बोलू’ आलं तर बहुधा विषयाच्या ओळीपुढे वाचलंच गेलेलं नाही, तेव्हा जाताना छापील प्रत घेऊन जा.

काम झाल्यावर हंगामातलं पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं की त्याच शब्दांत दोन ओळी पाठवा: वापर इतके युनिट, बिल इतक्या युनिटांचं. तिथे नवा शब्द आणू नका, ‘केव्हीएएच’ तर मुळीच नको. शेठने मंजुरी देताना जे दोन आकडे वाचले होते तेच तो शोधणार आहे.