अर्धा स्पिन असलेल्या कणाची अवस्था हव्या त्या दिशेला कशी वळवावी

चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तर पडद्यावर एक सलग पट्टा न उमटता झोताचे दोन भाग झालेले दिसतात, हे ऑटो श्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी १९२२ साली फ्रँकफर्ट येथे दाखवले. चुंबकाची दिशा बदलली तरी भाग दोनच होतात. आज आपण याचा अर्थ असा सांगतो की इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा कोणत्याही दिशेचा घटक मोजला, तर उत्तर ħ/2 किंवा −ħ/2 यांपैकीच एक येते; ħ म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले 2π. या लेखात एकच काम पूर्ण करायचे आहे: z अक्षावर ‘वर’ असलेली अवस्था घेऊन ती आपण ठरवलेल्या दिशेकडे वळवायची, आणि ती खरोखरच त्या दिशेला वळली आहे याची खात्री करून घ्यायची. वाचकाला संमिश्र संख्या आणि दोन गुणिले दोन मॅट्रिक्सचा गुणाकार येत असला, तर एवढ्यावर भागते.

उदाहरणासाठी दिशा अशी घेऊ, की आकडे हाताने हाताळता येतील. तिचे तीन घटक १/३, २/३ आणि २/३ आहेत; त्यांच्या वर्गांची बेरीज १/९ + ४/९ + ४/९ म्हणजे १ होते, म्हणून हा एकक सदिश आहे; त्याला n म्हणू. ही बेरीज आधी तपासावी, कारण पुढची सर्व सूत्रे दिशेची लांबी १ आहे असे धरूनच लिहिलेली असतात.

पहिली पायरी: मॅट्रिक्स आणि त्यांचे नियम

वोल्फगांग पाउली यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या तीन मॅट्रिक्स अशा आहेत (प्रत्येक कंसात एक ओळ):

```
σx = [0, 1]   σy = [0, -i]   σz = [1,  0]
     [1, 0]        [i,  0]        [0, -1]
```

स्पिनचा प्रत्यक्ष घटक मिळवण्यासाठी त्यांना ħ/2 ने गुणायचे असते. हिशोबात मात्र तो गुणक बाजूला ठेवणे सोयीचे, म्हणजे मोजमापाची उत्तरे नुसती +१ आणि −१ राहतात.

या तिघींचे दोनच नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. प्रत्येकीचा वर्ग एकक मॅट्रिक्स असतो; आणि दोन वेगवेगळ्या मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम उलटला की चिन्ह बदलते, म्हणजे σxσy = iσz, पण σyσx = −iσz. आता आपल्या दिशेचे घटक वापरून तिघींची बेरीज करू:

```
N = (1/3)σx + (2/3)σy + (2/3)σz

N = (1/3) [2,       1 - 2i]
          [1 + 2i,  -2    ]
```

N चा वर्ग केला तर मिश्र पदे जोडीजोडीने एकमेकांना छेदतात आणि उरते ती घटकांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे १. N एखाद्या व्हेक्टरला नुसते एका संख्येने गुणत असेल, तर ती संख्या N चे आयगेनमूल्य आणि तो व्हेक्टर आयगेनव्हेक्टर; मोजमापाची उत्तरे म्हणजे हीच आयगेनमूल्ये. N² = १ असल्यामुळे N ची आयगेनमूल्ये +१ आणि −१ यांखेरीज दुसरी काही असूच शकत नाहीत. चुंबक कसाही वळवला तरी झोताचे भाग दोनच का होतात, याचे उत्तर या एका ओळीत आहे, आणि म्हणून निश्चयक मांडून वर्गसमीकरण सोडवण्यापूर्वी ही ओळ समजून घेणे मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरी पायरी: आयगेनव्हेक्टर काढणे

N² = १ यातूनच आणखी एक सोय मिळते. (1 + N) या मॅट्रिक्सला N ने गुणले, तर N + N² म्हणजे पुन्हा (1 + N) येते. याचा अर्थ, (1 + N) ज्या कोणत्या व्हेक्टरवर चालवू, त्यातून बाहेर येणारा व्हेक्टर शून्य नसेल तर तो N चा +१ मूल्याचा आयगेनव्हेक्टरच असतो. ‘वर’ अवस्था म्हणजे (1, 0). तिच्यावर (1 + N) चालवले की त्या मॅट्रिक्सचा पहिला स्तंभ मिळतो:

```
(1 + 2/3, (1 + 2i)/3)  →  (5, 1 + 2i)
```

बाण दाखवतो त्याप्रमाणे ३ ने गुणून छेद काढून टाकले आहेत. आता लांबी १ करायची: २५ + (१ + ४) = ३०, म्हणून

```
|n+> = (1/√30) (5, 1 + 2i)
```

पडताळा लगेच घ्यावा. N ची पहिली ओळ (5, 1 + 2i) वर चालवली, तर (१० + ५)/३ = ५ येते; दुसऱ्या ओळीतून (5 − 2)(1 + 2i)/3, म्हणजे 1 + 2i. व्हेक्टर जसाच्या तसा परत आला.

या अवस्थेत z अक्षावर मोजमाप केले, तर ‘वर’ मिळण्याची संभाव्यता २५/३०, म्हणजे ५/६. दिशा आणि z अक्ष यांच्यातला कोन θ असेल, तर cosθ = २/३ आणि cos²(θ/2) = (1 + 2/3)/2 = ५/६. दोन्ही जुळतात, आणि इथेच अर्धा कोन प्रथम डोकावतो.

तिसरी पायरी: दिशा परत वाचणे

आयगेनव्हेक्टर बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी सर्वांत विश्वासू चाचणी म्हणजे अवस्थेतून दिशा पुन्हा काढणे. अवस्था (a, b) असेल आणि a* ही a ची अनुबद्ध संख्या असेल, तर

```
x = 2 Re(a*b),   y = 2 Im(a*b),   z = |a|² - |b|²
```

आपल्या अवस्थेत a*b = (5 + 10i)/30. म्हणून x = १०/३० = १/३, y = २०/३० = २/३, आणि z = (२५ − ५)/३० = २/३. मूळ दिशा तंतोतंत परत मिळाली.

चौथी पायरी: प्रत्यक्ष वळवणे

आयगेनव्हेक्टर काढल्याने कुठे पोहोचायचे ते कळले. तिथे नेणारी क्रिया अजून लिहायची आहे. अवस्थेची दिशा दाखवणारा बाण z कडून n कडे सर्वांत जवळच्या वाटेने न्यायचा, तर दोघांनाही लंब असलेल्या अक्षाभोवती फिरवावे लागते. तो अक्ष z आणि n यांच्या सदिश गुणाकारातून याच क्रमाने मिळतो: (−2/3, 1/3, 0). त्याची लांबी √5/3 आहे, म्हणून एकक सदिश m = (−2, 1, 0)/√5.

फिरवणारी मॅट्रिक्स exp(−iθM/2) अशी लिहितात, जिथे M ही m दिशेची पाउली बेरीज. M² = १ असल्याने घातांकाच्या अनंत मालिकेतील सम पदे एकीकडे आणि विषम पदे दुसरीकडे गोळा होतात, आणि सगळी मालिका दोन पदांत मिटते:

```
U = cos(θ/2) - i sin(θ/2) M

M = (1/√5) [0,       -2 - i]
           [-2 + i,   0    ]
```

cos(θ/2) = √(5/6) आणि sin(θ/2) = √(1/6). U चा पहिला स्तंभ हीच वळवलेली अवस्था. वरचा घटक √(5/6), म्हणजेच 5/√30. खालचा घटक √(1/6) × (−i)(−2 + i)/√5; यातील (−i)(−2 + i) = 1 + 2i, म्हणून (1 + 2i)/√30. दुसऱ्या पायरीत निघालेलाच व्हेक्टर हा. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आले, की मगच मी वही मिटतो.

चुका कुठे होतात

विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे θ/2 च्या जागी θ घालणे. मग अवस्था (2/3, (1 + 2i)/3) अशी येते. तिची लांबी ४/९ + ५/९, म्हणजे बरोबर १ आहे. त्यामुळे लांबी तपासून समाधान मानणाऱ्याला चूक कधीच सापडत नाही. दिशा परत वाचली तर मात्र z = ४/९ − ५/९ = −१/९ येतो. बाण क्षितिजाच्या वर असायला हवा होता, तो किंचित खाली गेलेला दिसतो.

घातांकातले उणे चिन्ह सुटले, तर खालचा घटक −(1 + 2i)/√30 होतो. या वेळी z बरोबर येतो, पण x आणि y दोन्ही उलटे. म्हणून तिन्ही घटक तपासल्याशिवाय थांबू नये.

काही जण एकाऐवजी दोन फिरवण्या करतात: आधी y अक्षाभोवती θ, नंतर z अक्षाभोवती φ, जिथे tanφ = y/x, म्हणजे इथे २. तीही वाट योग्य आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी z भोवती फिरवले तर z वरच असलेला बाण जागचा हलत नाही, आणि पुढची फिरवणी त्याला xz प्रतलातच ठेवते.

वेगळी दिसणारी पण बरोबर असलेली उत्तरे

(1 + N) चालवण्यासाठी ‘खाली’ अवस्था, म्हणजे (0, 1), निवडली तर दुसरा स्तंभ मिळतो आणि उत्तर (1 − 2i, 1)/√6 असे येते. हे आधीच्या उत्तरापेक्षा अगदी वेगळे दिसते. तरी त्याला (1 + 2i)/√5 ने गुणले, की (5, 1 + 2i)/√30 हेच हाती येते. त्या गुणकाची लांबी १ आहे. असा गुणक संपूर्ण अवस्थेला लागला तर कोणत्याही मोजमापाची संभाव्यता बदलत नाही. पुस्तकातल्या उत्तराशी आपले उत्तर जुळत नसेल, तर खोडण्यापूर्वी b/a हे गुणोत्तर दोन्हीकडे काढून पाहावे. ते सारखे असेल, तर अवस्था एकच आहे.

हा गुणक नेहमीच दुर्लक्षून चालत नाही. U मध्ये θ = ३६०° घातले, तर U = −1 येते: बाण मूळ जागी परततो, पण अवस्थेचे चिन्ह बदलते. एकट्या कणावर हे दिसणार नाही. झोताचे दोन भाग करून त्यांतील एकच फिरवला आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणले, तर व्यतिकरणात ते दिसते. १९७५ मध्ये हेल्मुट राउख आणि सॅम्युएल वर्नर यांच्या गटांनी न्यूट्रॉनवर नेमके हेच मोजले, आणि मूळ स्थिती यायला ७२०° लागतात हे आढळले.

राहिली ती एक अडचणीची दिशा: सरळ खाली, (0, 0, −1). तिथे (1 + N) चा पहिला स्तंभ शून्य होतो, आणि सदिश गुणाकारही शून्य येत असल्याने अक्ष ठरत नाही. दिशा या टोकाच्या अगदी जवळ असली तरी संगणकावर पहिला स्तंभ अचूकता गमावतो, तेव्हा दुसरा स्तंभ घ्यावा. आणि नेमके सरळ खाली जायचे असेल, तर आडवा कोणताही अक्ष निवडून १८०° फिरवावे. y अक्षाभोवती फिरवल्यास (0, 1) मिळते आणि x अक्षाभोवती फिरवल्यास (0, −i). बाण दोन्ही वेळा सरळ खालीच असतो.