न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीतून वास आणि झुरळं का येतात, आणि काय करावं

बंद ठेवलेल्या बाथरूममध्ये फिनेल टाकून वास जात नाही, कारण तो फरशीचा नसतोच. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं आणि बाथरूम थेट ड्रेनेजच्या पाइपला उघडी झालेली असते.

नहाणी ट्रॅपच्या आत एक वाकण असतं. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि ते पाणीच पाइपमधली हवा अडवतं. याला वॉटर सील म्हणतात. चांगल्या ट्रॅपमध्ये हे सील ५० मिमी असतं. जुन्या किंवा उथळ ट्रॅपमध्ये २०-२५ मिमीच सापडतं. पाणी संपूर्ण सुकायची गरज नसते. पातळी वाकणात वरून पाण्यात उतरलेल्या कडेच्या, म्हणजे आतल्या ओठाच्या, खाली गेली की तळाशी पाणी दिसत असूनही वरून हवेला वाट मोकळी होते. म्हणून ‘आत पाणी आहे की’ एवढं बघून निष्कर्ष काढू नका.

आधी खात्री करून घ्या. एक्झॉस्ट फॅन लावल्यावर वास कमी होण्याऐवजी वाढला, तर सील गेलं असण्याची दाट शक्यता आहे: फॅन खोलीतली हवा बाहेर टाकतो आणि तिची जागा पाइपमधली हवा घेते. मग जाळी काढा, आत अडकलेले केस आणि साबणाचा गाळ काढा आणि दोन लिटर पाणी सावकाश ओता. खोली थोडा वेळ उघडी ठेवा. वास थांबला आणि आठवडे गेले तरी परत आला नाही, तर पाणी नुसतं आटलं होतं. दोन-तीन दिवसांतच परत आला, तर कारण वेगळं आहे.

ते शोधायला आपलं सील किती खोल आहे हे माहीत हवं. एका जाड तारेचं टोक इंग्रजी एल अक्षरासारखं वाकवा, काठोकाठ भरलेल्या ट्रॅपमध्ये सोडा आणि आतल्या ओठाखाली अडकवून वर ओढा. पाण्याच्या पातळीवर तारेला खूण करा. खुणेपासून वाकवलेल्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे सील. बाष्पीभवनाने पातळी आठवड्याला साधारण २.५ मिमी उतरते असा हिशेब धरतात. कडक उन्हाळ्यात किंवा सतत फॅन चालू असेल तर याहून जास्त. म्हणजे दोन महिने बंद असलेल्या बाथरूममध्ये सुमारे २० मिमी पाणी जाईल. सील २० मिमीचं असेल तर वास येणारच, त्यात नवल नाही. पण ५० मिमीचं असेल, तर अजून ३० मिमी शिल्लक असायला हवं. तरीही वास आला, तर पाणी हवेत उडालेलं नाही, दुसरीकडे गेलं आहे.

कुठे? बहुतेक वेळा केसांचा किंवा पोछ्याच्या धाग्यांचा झुपका बाहेर जाणाऱ्या काठावरून लोंबत असतो आणि वातीसारखं पाणी ओढून पलीकडे ठिबकवतो. झुपका काढला की काम झालं. तो नसेल, तर दुसऱ्या कोणाला कमोड फ्लश करायला सांगा आणि टॉर्च लावून ट्रॅपकडे बघा. पाणी खाली ओढलं गेलं, गुडगुड आवाज आला किंवा पातळी वरखाली झाली, तर ड्रेनेजच्या पाइपमध्ये बाहेरची हवा येऊ देणारा व्हेंट पाइप तुंबलेला किंवा मुळात नसलेला असतो. हे प्लंबरचं काम आहे. कितीही पाणी ओता, पुढच्या फ्लशला ते जाईल. फ्लशचा काहीच परिणाम नसेल आणि तरी एका रात्रीत पातळी ठळकपणे खाली जात असेल, तर ट्रॅप तडकलेला आहे. खालच्या छताची ओल तपासा.

नुसतं आटत असेल तर दर दोन आठवड्यांनी एक लिटर पाणी पुरे. जास्त दिवस घर बंद राहणार असेल, तर ट्रॅप भरून झाल्यावर अगदी शेवटी दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली, लिक्विड पॅराफिन अलगद सोडा. खोलीकडच्या पाण्यावर साय धरते आणि वाफ थांबते. पलीकडची बाजू पाइपातल्या दमट हवेत असते, तिथून फारसं उडत नाही. खाण्याचं तेल टाकू नका, ते खवट होऊन चिकटतं. आणि बाथरूम वापरली की थर वाहून जातो, पुन्हा टाकावा लागतो. बेसिनचं पाणी ज्या ट्रॅपमध्ये सोडलेलं असतं, तो बेसिन वापरात असेतोवर आपोआप भरत राहतो. सुकतो तो शॉवरच्या कोपऱ्यातला किंवा बाल्कनीतला एकटा ट्रॅप.

झुरळांबाबत एक मर्यादा लक्षात ठेवा. कोरड्या ट्रॅपमधून ती सरळ चालत येतात, पण गटारातलं मोठं तपकिरी झुरळ काही मिनिटं श्वास रोखू शकतं, म्हणून भरलेल्या सीलमधूनही एखादं येतं. त्यासाठी आत वाटी असलेली जाळी बसवतात. मात्र वाटीतलं पाणी जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं असतं, ते खालच्या ट्रॅपच्या बरंच आधी सुकतं. वाटी नीट बसलेली आणि जाळीच्या कडेची फट व्हाइट सिमेंटने भरलेली नसेल, तर झुरळं बाजूने येतात आणि दोष मात्र ट्रॅपला दिला जातो.