डिलीट झालेलं रील परत आणायच्या आधी: कोड कुठे येतो ते बघा

गेल्या नोव्हेंबरात काकूंच्या शेंगाचटणीच्या पेजवरचं एक रील मी हातचं घालवलं. उखळात शेंगा कुटतानाचं साधंच रील होतं, पण त्याच्याखाली पुण्या-मुंबईच्या लोकांनी पत्ते विचारलेले, ऑर्डरी दिलेल्या. परवा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत, तीच वेळ पुन्हा आली, आणि यावेळी पाच मिनिटांत रील परत मिळालं. दोन्ही वेळांमध्ये फरक एकाच गोष्टीचा होता. ती खाली मी चार वेळा सांगेन, कंटाळा करू नका.

हे सगळं इन्स्टाग्रामबद्दल आहे. दुसऱ्या अ‍ॅपचे नियम वेगळे, ते इथे लावू नका.

सुरुवातीला हे बघा की पोस्ट खरंच डिलीट झालीय का. काकूंचा निम्मा जीव इथेच जातो. तीन टिंबांच्या मेनूत Archive आणि Delete हे दोन्ही पर्याय असतात आणि घाईत बोट कुठेही पडतं. Archive दाबलं असेल तर पोस्ट फक्त लोकांपासून लपलेली असते. तिला मुदत नसते आणि ती कुठे जात नाही. प्रोफाइलवरच्या तीन रेघांमधून Archive उघडायचं, वरच्या नावावर टॅप करून पोस्टचं आर्काइव्ह निवडायचं, तिथे दिसली तर परत प्रोफाइलवर आणायची. काम संपलं. अपलोड न करता ड्राफ्टमध्ये ठेवलेलं रील गेलं असेल तर मात्र पुढचं वाचू नका. ड्राफ्ट फोनमध्येच असतो. डिलीट केलेल्या गोष्टी अ‍ॅप काही दिवस Recently deleted नावाच्या डब्यात ठेवतं, त्यात तो सापडत नाही. नियम मोडला म्हणून अ‍ॅपनेच पोस्ट काढली असेल तरी ती तिथे नसते. त्यासाठी Account Status बघावं लागतं.

दुसरं म्हणजे कोणत्या अकाउंटवरून बघताय ते. माझ्या फोनमध्ये माझं आणि काकूंच्या चटणीचं अशी दोन्ही अकाउंटं आहेत. मी माझ्याच अकाउंटच्या डब्यात दहा मिनिटं चटणी शोधत होतो. प्रत्येक अकाउंटचा डबा वेगळा. कोलॅब केलेली पोस्ट असेल तर ज्याने ती मुळात टाकली त्याच्याकडेच ती परत आणायची सोय असते. आपण फक्त भागीदार असलो तर त्याला फोन करायचा.

आता दिवस मोजा. पोस्ट आणि रील डिलीट केल्यापासून 30 दिवस राहतात, मग कायमचे जातात. स्टोरीचं गणित वेगळं आहे. जी स्टोरी आर्काइव्हमध्ये सेव्ह झालेली नव्हती ती डिलीट केल्यावर जास्तीत जास्त 24 तास राहते. म्हणून स्टोरी गेली असेल तर हा लेख अर्ध्यात सोडून आधी तिकडे जा. रील असेल तर वेळ आहे, पण वाटतो तेवढा नाही. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा: 9 जानेवारीला डिलीट झालं तर 8 फेब्रुवारीपर्यंत. शेवटच्या दिवशी करायला जाऊ नका. का ते आता सांगतो.

कोड.

Recently deleted मधून काही परत आणताना, किंवा कायमचं उडवताना, अकाउंट तुमचंच आहे ना हे इन्स्टाग्राम तपासू शकतं. तेव्हा ते नोंदवलेल्या फोन नंबरवर किंवा ईमेलवर एक कोड पाठवतं. 2021 च्या फेब्रुवारीत ही सोय आली ती याच कारणासाठी. अकाउंट चोरणारे लोक आधी सगळ्या पोस्टी उडवायचे, मग मालक रडत बसायचा. दरवेळी कोड मागतंच असं नाही. पण मागितला आणि तुमच्याकडे तो नंबर नसला, तर रील डोळ्यांसमोर दिसत असतं आणि हाताला लागत नाही. माझं हेच झालं.

काकूंचं रील 2 नोव्हेंबरला गेलं. एका जुन्या ऑफरची पोस्ट काढताना शेजारचं रील गेलं, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. 28 तारखेला कुणीतरी विचारलं, "ते उखळाचं रील दिसत नाही की हो?" मी म्हटलं, चार दिवस आहेत, भरपूर झाले. Restore दाबलं आणि कोड मागितला. कोड गेला काकूंच्या जुन्या सिमवर. त्याचा रिचार्ज गणपतीच्या आधीच संपलेला आणि सिम बंद पडलेलं. म्हटलं ईमेल आहे की. ईमेल चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी बनवलेला, पासवर्ड त्यालाही आठवेना. पासवर्ड बदलायला गेलो तर त्याचा कोड कुठे? त्याच बंद सिमवर. मग दुकानात डुप्लिकेट सिम मागायला गेलो, तर सिम काकांच्या नावावर, त्यांना स्वतः यावं लागेल म्हणाले. काका हैदराबादला मुलीकडे. ते परत आले 4 डिसेंबरला. रील 2 तारखेलाच गेलेलं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे बाळा, परत कुटते की." कुटल्याही. पण त्या रीलखालचे पत्ते कुठून आणणार?

तर रीलची वगैरे काळजी नंतर करा. आज, काहीही डिलीट झालेलं नसताना, नंबर आणि ईमेल बघा. प्रोफाइलवरच्या तीन रेघा, मग Accounts Center, मग Personal details, मग Contact info. तिथे जो नंबर आणि ईमेल दिसतो तो आज चालू आहे का? नुसतं "हो, असेल" म्हणू नका. त्या नंबरवर दुसऱ्या फोनवरून एक मेसेज करून बघा. त्या ईमेलमध्ये आत्ता लॉगिन करून बघा. आणि ईमेलचा रिकव्हरी नंबर कोणता आहे तेही बघा, कारण तो त्याच बंद सिमचा असेल तर दोन कुलपांची एकच किल्ली आणि ती विहिरीत, अशी गत होते. नंबर जुना असेल तर नवा आधी टाका, तो पक्का झाल्याशिवाय जुना काढू नका. हा बदल रोजच्या फोनवरूनच करा. कधी न वापरलेल्या फोनवरून केला तर हा फोन ओळखीचा नाही म्हणून बदल अडवला जाऊ शकतो, आणि मुदत चालू असताना असं अडकणं परवडत नाही.

दुकानाचं पेज असेल तर अजून एक. पेज पोरं चालवतात, नंबर मालकाचा असतो, आणि मालक सकाळी यंत्रमागावर. कोड आला की सांगणारा माणूस फोनजवळ हवा. कोड थोडा वेळच चालतो, आणि पुन्हा पाठवला तर सगळ्यात शेवटी आलेलाच टाकायचा. घाबरून पाच-सहा वेळा पाठवत बसलात तर थोडा वेळ थांबा म्हणून अ‍ॅप अडवतं.

आणि तो कोड कुणालाही सांगायचा नाही. पाचशे रुपयांत पोस्ट परत आणून देतो म्हणणारे निघतात. त्यांच्याकडे काहीही नसतं, त्यांना हवा असतो तुमचा पासवर्ड नाहीतर हाच कोड. 30 दिवस उलटल्यावर बाहेरच्या कुठल्याही अ‍ॅपला तुमचं रील सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष काम, ते सगळ्यात सोपं. परवा, 15 जानेवारीला, काकूंनी नंदीध्वजाच्या मिरवणुकीचं रील टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कॅप्शन बदलताना तेच उडवलं. होम मैदानाजवळ नेट रांगत होतं, म्हणून घरी येईपर्यंत थांबलो. मग तीन रेघा, Your activity, त्यात खाली काढलेल्या आणि आर्काइव्ह केलेल्या गोष्टींच्या भागात Recently deleted. मेनूची जागा अपडेटनुसार हलते, वर शोधायला जागा असेल तर तिथे नाव टाइप करा. आत पोस्ट, रील, स्टोरी अशा वेगवेगळ्या खिडक्या असतात. रीलच्या खिडकीत बघायचं, पहिल्याच खिडकीत दिसलं नाही म्हणून गेलं असं समजू नका. चित्रावर उरलेले दिवस दिसतात.

रील उघडलं, तीन टिंबं दाबली. इथे Delete आणि Restore दोन्ही असतात. दोन श्वास घ्या. इथला Delete म्हणजे कायमचा, त्याच्या पलीकडे डबा नाही. काकूंचा अंगठा तिकडेच चाललेला, मी हात धरला. Restore दाबलं, विचारलं तेव्हा पुन्हा हो म्हटलं, कोड आला काकूंच्या नव्या नंबरवर, टाकला, झालं. नव्या नंबरवर. म्हणून म्हणतो.

परत आलेलं रील प्रोफाइलवर सगळ्यात वर शोधू नका, ते त्याच्या मूळ तारखेच्या जागीच जाऊन बसतं. आमच्याकडे कमेंटी आणि लाइकही परत दिसल्या. एकाच पोस्टमधल्या अनेक फोटोंपैकी एखादाच काढला असेल तर तोही याच डब्यात 30 दिवस असतो.

हायलाइट डिलीट केला असेल तर त्यातल्या स्टोऱ्या आर्काइव्हमध्ये बघा, सेव्ह चालू असेल तर तिथे असतात. पण आर्काइव्हमधूनच स्टोरी उडवली तर ती हायलाइटमधूनही जाते. सेव्ह चालू आहे का ते सेटिंगमध्ये आत्ताच बघा, त्याला मिनिटभर लागतं.

मूळ व्हिडिओ गॅलरीत ठेवा. अ‍ॅपमधून उतरवलेल्या रीलमध्ये अ‍ॅपचं गाणं बऱ्याचदा येत नाही, फक्त तुमचा आवाज येतो. काकूंच्या पेजचं सगळं आता माझ्या लॅपटॉपवर आहे. आणि सिम काकूंच्या स्वतःच्या नावावर.