फेशियलने आलेल्या पुळ्यांवर पुन्हा फेशियल? पिंपल्सवाल्यांनो, या चुका टाळा

पार्लर सुरू करून मला 17 वर्षं झाली. फेशियल आणि ब्लीच यांवरच माझं पोट चालतं. तरी कुणी दार ढकलून आत येऊन म्हणालं, "ताई, चेहऱ्यावर खूप पिंपल्स आलेत, एक चांगलं फेशियल करून द्या," की मी सरळ नाही म्हणते. काही जणी रागावतात, दुसऱ्या पार्लरला जातात आणि दोन महिन्यांनी जास्त पुळ्या घेऊन परत येतात. तेच तेच समजावून मी थकले, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी फेशियलने होतं काय ते बघू. स्क्रबने वरच्या मृत पेशी निघतात, मसाजने चेहऱ्याकडे रक्त धावतं, क्रीम आणि पॅकमुळे त्वचेत ओलावा राहतो. त्यामुळे चेहरा तुकतुकीत दिसतो आणि त्यात खोटं काही नाही. पण ही चमक दोन-तीन दिवसांची, फार तर आठवड्याची. पिंपल तयार होतो तो छिद्राच्या आत. तिथे तेल आणि मृत पेशी मिळून बूच बसतं, मग जिवाणू वाढतात, मग सूज. बूच बसायला लागल्यापासून पुळी वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. हा उशीरच सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे.

फेशियलने आलेल्या पुळ्या घालवायला फेशियल करणं

माझ्याकडे कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. कपाळ आणि जबडा बारीक दाण्यांनी भरलेला, हनुवटीवर चार मोठ्या गाठी, गालांवर तपकिरी डाग. म्हणाली, "ताई, मी एवढी काळजी घेते, दर पंधरा दिवसांनी फेशियल करते, तरी असं का?" मी तिला मोबाइलमधले फोटो तारखेप्रमाणे काढायला सांगितले आणि आम्ही दोघी खुर्चीत बसून ते एकेक बघत गेलो.

पहिल्या फेशियलच्या आधी कपाळावर थोडे ब्लॅकहेड्स आणि हनुवटीवर दोन पुळ्या, एवढंच होतं. फेशियलच्या दुसऱ्या दिवशीच्या फोटोत चेहरा खरंच छान होता. चौथ्या दिवशी हनुवटीवर लाल, ठणकणाऱ्या गाठी आल्या, त्याही जिथे पुळ्या दाबल्या होत्या नेमक्या तिथेच. पुळी दाबली की थोडा पू बाहेर येतो खरा, पण छिद्राची भिंत आतल्या आत फुटली तर बाकीचा मालमसाला आजूबाजूला पसरतो आणि छोट्या पुळीची गाठ होते. तिला सांगण्यात आलं होतं की ही आतली घाण बाहेर पडतेय. पंधराव्या दिवशी दुसरं फेशियल झालं. आणि तिसऱ्या आठवड्यात कपाळावर, कानशिलांपाशी आणि जबड्याच्या कडेने कातडीच्याच रंगाचे बारीक दाणे दिसायला लागले. मसाजचा हात जिथून जिथून फिरतो, तोच हा पट्टा. अर्धा तास चोळलेलं जाड, तेलकट क्रीम छिद्रांत बसलं होतं. पण मधे तीन आठवडे गेल्यामुळे तिला त्या क्रीमचा संशयच आला नाही. तिला वाटलं, फेशियलचा असर संपला म्हणून दाणे आले. मग तिसरं, मग चौथं, असं करत तीन महिन्यांत सहा फेशियल झाली होती.

यावरून ओळखायचं कसं ते सांगते. पहिल्या चार दिवसांत, दाबलेल्याच जागी, दुखणारी लाल गाठ आली तर दोष दाबण्याचा. दोन-तीन आठवड्यांनी मसाजच्या पट्ट्यात न दुखणारे बारीक दाणे आले तर दोष क्रीमचा. आणि एक-दोन दिवसांतच एकसारख्या, खाजणाऱ्या किंवा पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या उठल्या तर तो केसांच्या मुळांचा संसर्ग असू शकतो. तिथे पार्लरचं काम संपलं, डॉक्टरांकडे जायचं. "घाण बाहेर पडतेय" हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्या खुर्चीतून उठा. आत साठलेली घाण अशी काही नसते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नसतो. छिद्राच्या तोंडाशी आलेल्या बुचाचा हवेशी संबंध आला की ते काळं पडतं.

त्या मुलीचं मी काहीच केलं नाही. फेशियल पूर्ण बंद करायला लावलं. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, छिद्रं न बुजवणारं हलकं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, बस्स. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी रात्री लावायला अ‍ॅडापॅलीनचं जेल दिलं. पहिल्या तीन आठवड्यांत तिने मला चार वेळा फोन केला, "ताई, फरक पडत नाहीये." पडणार कसा? आज दिसणारा दाणा गेल्या महिन्यात तयार व्हायला लागलेला असतो. कपाळ साफ व्हायला अडीच महिने लागले, डागांना त्याहून जास्त. आठ दिवसांत चेहरा बदलून मागणाऱ्यांना मी काहीच देऊ शकत नाही आणि देतो म्हणणाऱ्यांपासून तुम्ही लांब राहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लीच: वेळ, क्रम आणि न विचारलेला प्रश्न

ब्लीचने रंग गोरा होत नाही. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरच्या लवेचा रंग फिकट करतं. काळी लव सोनेरी झाली की चेहरा उजळल्यासारखा दिसतो, एवढंच. त्वचेचा रंग खालच्या थरातल्या पेशी बनवतात आणि ब्लीच धुतल्यानंतरही त्या आपलं काम करतच राहतात. गडद वर्णावर तर सोनेरी लव उन्हात उलट जास्त उठून दिसते.

पिंपल्सच्या चेहऱ्याला ब्लीच का नको, हे मी एका चुकीतून शिकले आणि ती चूक माझ्याच पार्लरमध्ये झाली. एका बाईंचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता, घाई होती. माझ्या मदतनिसाने आधी स्क्रब केला, मग ब्लीच लावलं. चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "जरा झोंबतंय गं." मदतनीस म्हणाली, "थोडं होतंच काकू." मी दुसऱ्या खुर्चीपाशी होते. सातव्या मिनिटाला लक्ष गेलं तेव्हा धावत जाऊन धुतलं. गालांवर लाल चट्टे आले होते आणि प्रत्येक पुळीचं टोक सोललं होतं. मग कळलं की त्या रोज रात्री डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन लावत होत्या. त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खपल्या धरल्या आणि त्या जागी आलेले तपकिरी डाग पाच महिने राहिले.

त्यात एकावर एक तीन गोष्टी घडल्या होत्या. ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापॅलीनसारख्या औषधांनी त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असतो. त्यावर स्क्रबने घासलं की उरलंसुरलं संरक्षणही जातं. आणि त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तर अ‍ॅक्टिव्हेटरची पूड मिसळलेलं ब्लीच अल्कधर्मी. सूज असलेली पुळी म्हणजे जवळपास उघडी जखमच, तिथे ते थेट आत जातं. सावळ्या त्वचेत अशी जळजळ बऱ्याचदा मागे डाग ठेवून जाते.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. लाल किंवा पू असलेल्या पुळ्या असतील तर ब्लीच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. बाकीच्यांना आधी विचारते: रात्री काय लावता, पोटात कुठली गोळी चालू आहे का? लावायचं औषध असेल तर डॉक्टरांना विचारून ते आठवडाभर बंद ठेवल्याशिवाय हात लावत नाही. पिंपल्सवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, किंवा बंद होऊन थोडेच महिने झाले असतील, तर ब्लीच, वॅक्स, स्क्रब काहीच नाही. डॉक्टर हो म्हणाले तरच पुढची गोष्ट. मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, 24 ते 48 तास वाट बघते. "एवढा वेळ नाही" म्हणणाऱ्यांचं ब्लीच मी करत नाही. स्क्रब त्या दिवशी अजिबात नाही. अ‍ॅक्टिव्हेटर पाकिटावर लिहिलंय तेवढंच घ्यायचं. "लवकर होईल" म्हणून चिमूटभर जास्त टाकणाऱ्या नवशिक्या मुलींना मी पहिल्याच दिवशी थांबवते. वेळसुद्धा पाकिटावरची, आणि आग व्हायला लागली तर दुसऱ्या मिनिटालाही गार पाण्याने धुवायचं. चुणचुण आणि आग यातला फरक खुर्चीत बसलेल्या माणसालाच कळतो, त्याचं ऐकायचं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फेशियल, ब्लीच आणि वॅक्स एकाच दिवशी उरकणं म्हणजे त्वचेला तीनदा सोलणं. दहा-पंधरा मिनिटं वाफ घेतल्याने छिद्रं "उघडत" नाहीत, त्यांना दार नसतं. तेल मऊ व्हायला तीन-चार मिनिटं पुरतात, त्यापुढे फक्त लाली आणि सूज वाढते. "हर्बल आहे" म्हणजे पिंपल्सला चालेल असं नाही, जाड तेल झाडाचं असलं तरी छिद्र बुजवतंच. ब्लॅकहेड काढायची पिन तुमच्यासमोर निर्जंतुक केलेली नसेल तर ती चेहऱ्याला लावू देऊ नका, टॉवेलचंही तेच.

मग किती दिवसांनी करावं?

पुळ्या होत नसतील तर महिना-दीड महिन्यातून एक फेशियल पुरे, ब्लीचही त्याहून लवकर नको. नुसते ब्लॅकहेड्स असतील, लाल पुळी एकही नसेल, तर मी सहा ते आठ आठवड्यांनी छोटं क्लीनअप करते. त्यात दाणेदार स्क्रब नाही आणि मसाज नाही. थोडी वाफ, मग फक्त उघडे काळे ठिपके काढायचे, दोन हलक्या दाबांत निघाला नाही तर तो सोडून द्यायचा. शेवटी गार पट्टी आणि हलकं जेल. नाकावरचे राखाडी ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. ती तेलाची नेहमीची वाट असते, काढली तरी महिन्याभरात भरते, म्हणून त्यांच्या मागे लागत नाही. सुजलेल्या पुळ्या असतील तर शून्य फेशियल, शून्य ब्लीच.

आणि कार्यक्रम असेल तर आठ-दहा दिवस आधी या, तेही तुमच्या चेहऱ्याला आधी मानवलेलंच करायला. नवीन काही करून बघायचं असेल तर दोन महिने हातात ठेवा, म्हणजे उशिरा येणारे दाणेही कळतील.

ती कॉलेजची मुलगी आता नोकरीला लागली आहे. दोन-तीन महिन्यांनी येते, आरशात कपाळ नीट निरखते आणि बहुतेक वेळा फक्त थ्रेडिंग करून जाते.