व्यायामाची गाणी ठेका मोजून लावा

घरच्या छपरीत डंबेल्स आणि दोरीवर अर्धा तास व्यायाम होत असेल, तर गाणी ठेक्यावर निवडा. 15 सेकंदांतले ठेके मोजून 4 नं गुणा, म्हणजे मिनिटाचे ठेके कळतात. अंग मोकळं करायला 100 ते 115 ठेक्यांची दोन गाणी पुरतात. दोरीउड्यांना 130 ते 140 चं, डफड्याचं गाणं हवं; त्याचं सुरुवातीचं लांबलचक संगीत मात्र कापा, नाहीतर नुसतं उभं राहावं लागतं. 140 च्या पुढं फारसा फायदा नाही, उलट पाय अडकतात. तिथून थेट अभंगावर येऊ नका: आधी 110 चं एक, मग 80 च्या आतलं भजन. मे महिन्यात टिनाखाली जोराचं एक गाणं कमीच करा आणि सलग बोलता येईपर्यंत भजनावर सावकाश चालत राहा.