म्हशीचा माज पहाटे हुडका, नाहीतर वेत दोन वर्षांवर जाईल

भाद्रपद सरतोय. म्हशी माजावर येण्याचा हंगाम आता सुरू होतो आणि माघापर्यंत चालतो. एवढ्यात भरली नाही तर पुढे खान्देशचं ४४-४५ अंशांचं ऊन आहेच. त्यात म्हैस माज दाखवत नाही, दाखवला तरी फळणं अवघड.

हिशोब बघा. सप्टेंबरच्या मध्यात व्यालेली म्हैस नोव्हेंबरअखेर भरून फळली, तर ३१० दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा वितेल. पण नोव्हेंबर-डिसेंबरचे माज कुणाला दिसलेच नाहीत. जानेवारीत एकदा भरवली, नंतर माज दिसला नाही म्हणून "गाभण शे" म्हणून सोडून दिली. मे महिन्यात पोट दिसेना तेव्हा कळलं, रिकामी आहे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नोव्हेंबरात भरली. वेत थेट पुढच्या सप्टेंबरात, दोन वर्षं पुरी! दूध आटलं तरी ढेप-कडबा चालूच.

म्हशीचा माज मुका असतो. गायीसारखी ती हंबरत, उड्या मारत नाही. म्हणून रात्री दहाला आणि पहाटे चारला बॅटरी घेऊन गोठ्यात जा. बसलेल्या म्हशीच्या मागे जमिनीवर काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा बळस दिसतो; उजाडेपर्यंत तो शेणात मिसळतो किंवा शेपटीला वाळून चिकटतो. वारंवार थोडं थोडं मुतणं आणि पान्हा चोरणं याही खुणा. माझा अंदाज असा की सकाळी अचानक दूध घटलं तर आधी माजाचा संशय घ्यावा, मग चाऱ्याचा.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बळस गढूळ किंवा पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार करून घ्या. भरवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहा. १९ ते २३ दिवसांनी पुन्हा नजर ठेवा. आणि माज नाही दिसला तरी ६० ते ९० दिवसांत डॉक्टरांकडून गाभण तपासणी कराच. खरं नुकसान इथेच होतं. जानेवारीत भरलेली मार्चमध्ये तपासली असती, तर ऊन तापण्याआधी एखादा माज हाती लागला असता.

बाकी नेहमीचं:
- खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम
- जंताचं औषध, डॉक्टरांच्या सल्ल्याने
- व्याल्यावर वार अडकली तर ओढू नये, डॉक्टर बोलवावा
- उन्हाळ्यात दुपारी सावली, दोन-तीनदा अंगावर पाणी किंवा डुंबणं

दुकानदार "माजावर आणणारी" पावडर आणि महागड्या बाटल्या गळ्यात मारतो. त्या घेण्याआधी तपासणी करा. बरगड्या दिसणाऱ्या म्हशीला हार्मोनची सुई देऊनही फारसं हाती लागत नाही. तिला आधी हिरवा चारा आणि ढेप हवी. आणि म्हैस आधीच गाभण असताना तशी सुई टोचली, तर गाभ पडू शकतो.